आईनं कोणत्या भाषेत झोपवलं

"तुम्ही उदगीरचे. तुमचा तालुका तर महाराष्ट्रात आला. मग भाषावार प्रांतरचनेचा विषय निघाला की तुम्ही असे गप्प का होता?"

पहिली गोष्ट, मी मराठीच्या विरुद्ध नाही. माझे वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून मॅट्रिक झाले आणि पुढं आयुष्यभर सही उर्दूतच करत राहिले. ज्या भाषेत घरी भांडायचं तिच्यात अर्ज लिहिता येत नाही, ही काय चीज असते हे मी त्यांच्याकडून ऐकलेलं आहे. 1956 नंतर कचेरीत मराठी आली, ते चांगलंच झालं. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणीतरी मला फितूर म्हणणारच.

आमचा जिल्हा बिदर. लातूर नंतरचा, 1982 चा, त्याआधी उस्मानाबाद. पण 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत उदगीर, भालकी, हुमनाबाद, जहीराबाद सगळे एकाच बिदर जिल्ह्यात होते, आणि त्या जिल्ह्यात एकाही भाषेची माणसं निम्म्याच्या वर नव्हती. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चारही होत्या. राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगानं 1955 च्या अहवालात बिदर फोडायला सांगितलंच नव्हतं. उरलेल्या हैदराबाद राज्यात तेलंगणच्या जिल्ह्यांबरोबर अख्खं बिदर राहावं, असं त्यात होतं. वर्षभरात संसदेनं कायदा केला आणि जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्याकडे. नारायणखेड आणि जहीराबादचा बहुतेक भाग आंध्रकडे. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे.

खरा प्रश्न मोजायचं कशानं, हा होता. जिल्हा धरला तर एक उत्तर येतं, तालुका धरला तर दुसरं, गाव धरलं तर तिसरं. बरं, तालुका अखंड ठेवायचा असा नियम असता तरी समजलं असतं. पण त्याच कायद्यात देगलूर तालुका फोडला आहे. त्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन सर्कलं आंध्रकडे दिली. खुद्द बिदर तालुक्यातलं न्यालकल सर्कल काढून आंध्रला दिलं. म्हणजे सर्कलपर्यंत खाली उतरता येत होतं, फक्त भालकी-औरादच्या वाट्याला आलं तेव्हा कुणी उतरलं नाही. याच मुद्द्यावर मी विशी-तिशीत पत्रकं वाटली, सभांत बोललो. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, सापेक्ष बहुमत, लोकेच्छा, ही चार सूत्रं मला झोपेतही पाठ होती. आंध्र आणि मद्रासची हद्द मध्यस्थ म्हणून नेमलेल्या पाटसकरांनी खेडं धरूनच ठरवली, मग आमची का नाही? हा सवाल मला आजही बिनतोड वाटतो.

आता आत्याचं सांगतो.

आत्या 1954 ला भालकी तालुक्यात दिली. दिली तेव्हा जिल्ह्यातल्या जिल्ह्यात दिली होती. दोन वर्षांत तिचं माहेर परराज्यात गेलं. फेब्रुवारी 2011 मध्ये मी तिच्याकडे गेलो होतो आणि त्याच दिवशी जनगणनेचे गुरुजी आले. कन्नड शाळेचे शिक्षक, पण मराठी सफाईनं बोलणारे. ओसरीवर बसले, फॉर्म काढला. मातृभाषेचा रकाना आला तसा मीच पुढं होऊन म्हणालो, "मराठी. सगळ्यांची मराठी लिहा." कोर्टात महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा चालू होता, एकेक माणूस मोजला जाणार होता, आणि मी आमची माणसं मोजून घ्यायला बसलो होतो.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "सगळ्यांचं एकदम लिहिता येत नाही साहेब. ज्याचं त्याला विचारायचं. लहानपणी आई ज्या भाषेत बोलत होती ती मातृभाषा, असं आम्हाला शिकवून पाठवलंय."

सूनबाई दारात उभी होती. ती हुमनाबादकडची. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. आत्या म्हणाली, "तिची माय तिला कन्नडात झोपवायची. तू होतास का तिथं? तू कशाला सांगायलास?" मग थोडं थांबून, "आन् माझी माय बी हुमनाबादचीच की रे. माझ्याशी कन्नडातच बोलायची. तुझ्या बापाशी बी."

हे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणालो तर खोटं होईल. आजी देवापुढं काहीतरी वेगळं पुटपुटायची हे आठवत होतं. मी ते कधी भाषा म्हणून धरलंच नव्हतं. वडिलांनीही कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

गुरुजींनी आत्याकडे बघितलं. "मग तुमची काय लिहू, आजी?"

आत्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मराठी लिहा. त्याला बरं वाटंल."

गुरुजींनी लिहिलं. मग येणाऱ्या इतर भाषा विचारल्या. तिनं कन्नड आणि उर्दू सांगितल्या. सूनबाईची कन्नड. नातू पाच वर्षांचा, मराठी शाळेत जाणारा, आईशी कन्नडात आणि आजीशी मराठीत बोलणारा. त्याच्या रकान्यात काय गेलं ते मी बघितलं नाही. उठून बाहेर गेलो.

तेव्हापासून माझी पंचाईत ही आहे. जिल्हा, तालुका, सर्कल, खेडं असं खाली खाली उतरत गेलं की हिशेब चोख होत जातो, असं मी सभेत छाती ठोकून सांगायचो. आत्याच्या ओसरीवर आणखी एक पायरी उतरलो आणि घरच फुटलं. मग तो जुना मी विचारतो, घर फुटतं म्हणून गावांनी सोडून द्यायचं का? ज्या गावात शेतकऱ्याला आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, त्याला आत्याची गोष्ट सांगून काय उपयोग? याचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि त्या जुन्या माझ्याकडे त्या दिवसाचं उत्तर नाही. म्हाताऱ्या बाईनं भाच्याच्या समाधानासाठी आपली आई कागदावरून पुसली. लोकेच्छा हे चौथं सूत्र मी शेकडो वेळा म्हटलं असेल, पण आत्याची इच्छा काय होती हे मला तेव्हाही विचारता आलं नाही. आता ती नाही.

नातू मोठा झाला. दहावी-बारावी तिकडेच केली. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला सीमाभागातल्या मुलांसाठी वेगळी सोय आहे; शिक्षण वादग्रस्त भागात झालेलं पाहिजे आणि मातृभाषा मराठी पाहिजे. अर्ज भरताना त्याचा फोन आला. "काका, मातृभाषेला काय टाकू? मम्मी म्हणती खरं ते टाक."

मागून सूनबाईचा आवाज येत होता, ती कुणाशी तरी कन्नडात बोलत होती.

मी म्हणालो, "मराठी टाक."