लग्नपत्रिकेपासून ॲपपर्यंत: एक फाँट आणि तीन परवाने

सांगलीत आमचं लग्नपत्रिकांचं दुकान. सुरुवातीला एक काँप्युटर, एक प्रिंटर आणि फाँटच्या सॉफ्टवेअरचं डोंगल. डोंगल काढलं की फाँट बंद, त्यामुळे परवाना म्हणजे काय हे तेव्हा अक्षरशः हातात धरता यायचं. पुढे युनिकोड आलं. फाँट बनवणाऱ्या एका कंपनीकडून आम्ही छान वळणाचा देवनागरी फाँट विकत घेतला. डेस्कटॉप परवाना, दोन काँप्युटरपुरता. त्यावर शेकडो पत्रिका छापल्या, कधी काही अडलं नाही.

मग पत्रिका व्हॉट्सॲपवर जायला लागल्या आणि आम्ही ॲप काढायचं ठरवलं. ग्राहकाने नावं, तारीख, मुहूर्त स्वतः टाइप करायचा आणि पत्रिका तयार. ॲप करणाऱ्या मुलाने फाँटची फाइल मागितली, मी पेन ड्राइव्हवर दिली. पैसे मोजून घेतलेला फाँट, आपल्याच ॲपमध्ये वापरायला काय हरकत?

चाचणीच्या आठवड्यात तोच मुलगा म्हणाला, "काका, हे बघा." त्याने ॲपच्या `.apk` फाइलचं नाव बदलून `.zip` केलं आणि ती उघडली. `assets/fonts` मध्ये आमचा फाँट अख्खाच्या अख्खा पडलेला! ज्याच्या हाती ॲप, त्याच्या हाती फाँट. छापलेल्या पत्रिकेत अक्षरांचं फक्त चित्र जातं, ॲपमध्ये मात्र फाँटची फाइलच जाते. हा एवढा फरक कळला आणि परवाने वेगवेगळे का असतात ते उलगडलं. डेस्कटॉप परवाना किती काँप्युटरवर फाँट बसवला ते मोजतो. वेब परवाना बहुतेक ठिकाणी महिन्याला पानं किती वेळा उघडली त्यावर असतो. ॲपचा परवाना ॲपमागे, आणि कधी डाउनलोडच्या किंवा वर्षाच्या हिशेबाने.

मला अजून पळवाट हवी होतीच. विंडोजमध्ये फाँटचे गुणधर्म उघडले, तर एम्बेडिंगच्या, म्हणजे फाँट दुसऱ्या फाइलमध्ये घालण्याच्या, रकान्यात `Installable` लिहिलेलं. म्हटलं, झालं काम! पण ती फाइलमधली नुसती खूण आहे. आपण मान्य केलेला करार वेगळा, आणि चालतो तोच. आमच्या करारात सॉफ्टवेअरमध्ये फाइल घालायला साफ मनाई होती.

दुसरी युक्ती मुलाची. आमच्या वेबसाइटसाठी वेब परवाना होता, तेव्हा ॲपमध्येच वेबपान दाखवणारा वेबव्ह्यू टाकून पत्रिका दाखवू, असं तो म्हणाला. पण इंटरनेट नसतानाही चालावं म्हणून तो फाँटची वेबसाठीची `.woff2` फाइल ॲपमध्येच ठेवणार होता. म्हणजे पुन्हा तेच, फक्त फाइलचा वेष वेगळा. वेब परवाना आमच्या डोमेनवरून फाँट पाठवण्यापुरताच होता.

शेवटी फाँटवाल्यांना मेल केली आणि ॲपमध्ये काय काय होणार ते सगळं लिहिलं. उत्तर आलं त्यात एक मुद्दा माझ्या डोक्यातही नव्हता. ग्राहक स्वतः मजकूर टाइप करून चित्र बाहेर काढणार असेल, तर साधा ॲप परवानाही पुरत नाही. त्यासाठी वेगळा करार आणि वेगळी रक्कम. ती रक्कम आमच्या वर्षभराच्या ॲपच्या कमाईला भारी पडणारी होती. मेलमध्ये "ॲपसाठी हवाय" एवढंच लिहिलं असतं, तर आम्ही चुकीचा परवाना विकत घेऊन बसलो असतो.

तोडगा निघाला तो आमच्या जुन्या कामातूनच. 'शुभविवाह', '॥ श्री गणेशाय नमः ॥' असे न बदलणारे शब्द दुकानातल्या काँप्युटरवर त्याच फाँटमध्ये लिहिले, त्यांचे आउटलाइन केले, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या केल्या, आणि चित्र म्हणून ॲपमध्ये घातले. हे डेस्कटॉप परवान्यात बसतं, असं त्यांच्याकडून लेखी घेतलं. ग्राहक जे टाइप करतो त्याला 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' हा फाँट लावला. तो ओपन फाँट लायसन्सखाली आहे. ॲपसोबत देता येतो, फक्त परवान्याचा मजकूर आणि कॉपीराइटची ओळ सोबत ठेवावी लागते. ती आमच्या 'ॲपविषयी' पानावर आहे. दोन वळणं शेजारी बसतील का याची धाकधूक होती. मथळा जाड आणि नावं साधी ठेवल्यावर जमलं. मला विचाराल तर जुन्यापेक्षा बरंच दिसतं.

गेल्या वर्षी एका पतसंस्थेच्या ॲपचं काम आलं. त्यांना सगळा मजकूर त्याच विकतच्या फाँटमध्ये हवा होता. शिल्लक, हप्ते, सूचना रोज बदलणार, तिथे चित्रं कुठे पुरणार? सरळ ॲप परवाना घेतला, पण पतसंस्थेच्या नावावर, कारण ॲप त्यांच्या नावाने प्रसिद्ध होतं. उद्या त्यांनी काम दुसऱ्याला दिलं तर आमच्या नावचा परवाना त्यांच्या उपयोगाचा नाही. परवाना वार्षिक आहे, म्हणून नूतनीकरणाची तारीख कोटेशनमध्येच लिहिली. आता त्यांना आयफोनवरही ॲप हवंय. अँड्रॉइड आणि आयफोन मिळून एक ॲप धरायचं की दोन, हे विचारणारी मेल कालच पाठवली. उत्तर आल्याशिवाय भाव सांगणार नाही.