पाणी आहे, पण सुईला लागत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून: "डॉक्टर, न्यूमोनियात फुप्फुसात पाणी भरतं ना? मग सुई घालून ते काढून का टाकत नाही?"

पाणी एका जागी साठलेलं नसतं, म्हणून. मोहोळात सुई खुपसली तर तिच्या वाटेत आलेली चार घरं फुटतील, बाकीची तशीच भरलेली राहतील. फुप्फुसातली ही घरं म्हणजे वायुकोश. दोन्ही फुप्फुसांत मिळून ते 30 ते 50 कोटी असतात आणि एकेक जेमतेम 0.2 मिलिमीटरचा. शिवाय त्यांच्यात जे भरतं त्याला आपण सवयीने पाणी म्हणतो, पण दोनेक दिवसांत ते पाणी राहिलेलंच नसतं.

न्यूमोकॉकस या नेहमीच्या जंतूचं उदाहरण घेते. तो वायुकोशात उतरला की तिथल्या पहारेकरी पेशी धोक्याचे रासायनिक निरोप सोडतात. वायुकोशाच्या भिंतीला लगटूनच केशवाहिन्या असतात, आणि हवा व रक्त यांच्यामधला पडदा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ. निरोप पोचले की त्या केशवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या पेशींचे सांधे सैल होतात आणि रक्तातला पातळ रस वायुकोशात पाझरतो. सुरुवातीचे काही तास खरोखर पाणीच म्हणावं असं असतं ते, आणि जंतूंना वाढायला फार सोयीचं. शेजारच्या वायुकोशांना जोडणाऱ्या बारीक भोकांतून ते पुढे पुढे सरकतं.

मग त्या रसाबरोबर आलेल्या प्रथिनांपासून फायब्रिनचे धागे विणले जातात. रक्त गोठताना जे जाळं बनतं तेच हे. त्यात लाल पेशी अडकतात, पाठोपाठ न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी झुंडीने येतात. वायुकोश आता गच्च भरलेला असतो. न्यूमोकॉकसच्या पेशंटची थुंकी गंजासारखी येते, ती या लाल पेशींमुळे. असा भाग कापून पाहिला तर तो यकृतासारखा दिसतो आणि पाण्यात टाकला तर बुडतो. निरोगी फुप्फुस तरंगतं. यालाच आम्ही कन्सॉलिडेशन म्हणतो. पेशंटशी बोलताना "पॅच आलाय" म्हणतो, जणू शर्टाला ठिगळ लावलंय; मला तो शब्द कधीच पटला नाही.

एक पेशंट सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. पंचेचाळिशीतला माणूस, तीन दिवस हुडहुडी भरून ताप, खोकताना उजव्या बरगडीत कळ, गंजासारखी थुंकी. श्वास मिनिटाला 30, बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन 89. पाठीवर उजवीकडे खाली बोटांनी ठोकलं तर आवाज बद्द. तिथे स्टेथोस्कोप ठेवला, आणि त्याच्या बायकोला वाटलं होतं त्याच्या अगदी उलट घडलं: श्वासाचा आवाज कमी नव्हता, डाव्या बाजूपेक्षा मोठा आणि खडबडीत होता.

हे नवख्या विद्यार्थ्यांनाही गोंधळात टाकतं. हवा जात नाही तिथे आवाज वाढेल कसा? याचं उत्तर असं की तो आवाज त्या भरलेल्या वायुकोशांत तयार होतच नाही. वायुकोशात हवा इतकी मंद सरकते की तिचा आवाजच होत नाही. श्वासाचा आवाज होतो तो मोठ्या नळ्यांमध्ये, जिथे हवा वेगाने वाहते आणि फाट्यांवर घुसळते. घशाच्या खळगीवर स्टेथोस्कोप ठेवला की तो मूळ रूपात ऐकू येतो: कोरडा, पोकळ, आत घेताना आणि बाहेर सोडताना सारखाच ठसठशीत, मध्ये बारीकसा खंड. पाठीवर आपल्याला एरवी तो तसा ऐकू येत नाही, कारण मध्ये फुप्फुस असतं.

निरोगी फुप्फुस म्हणजे फेस. असंख्य हवेचे बुडबुडे आणि त्यांच्यामध्ये ओल्या पेशींच्या पातळ भिंती. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, पाण्यात 1500 च्या आसपास. मला पहिल्यांदा वाचताना खरं वाटलं नव्हतं, पण फुप्फुसाच्या फेसात तो या दोन्हींपेक्षा हळू जातो, सेकंदाला शंभर मीटरपेक्षाही कमी. हवा दबते, भिंतींचं वजन ओढलं जातं, आणि प्रत्येक बुडबुड्यापाशी ध्वनीची थोडी थोडी ताकद खर्च होते. बारीक, तीव्र स्वर आधी मरतात. साधारण 200 हर्ट्झच्या वरचं फारसं काही छातीच्या भिंतीपर्यंत टिकत नाही. म्हणून पाठीवर ऐकू येते ती मऊ सळसळ, पानांतून वारा गेल्यासारखी. श्वास सोडतानाचा आवाज तर मध्यावरच्या मोठ्या नळ्यांतून येतो, त्याला वाट लांबची, म्हणून तो लवकर विरतो.

आता फेसातली हवा काढून तिथे घट्ट रस भरा. बुडबुडे गेले, ध्वनी खाणारं कुणी उरलं नाही. भरलेलं फुप्फुस आणि छातीचे स्नायू घनतेने जवळजवळ सारखे, त्यामुळे सीमेवरूनही ध्वनी फारसा परतत नाही. नळीतला आवाज जसाच्या तसा, तीव्र स्वरांसकट, पाठीवर येतो. श्वास सोडतानाचाही. यालाच ब्राँकियल ब्रीदिंग म्हणतात, नळीचा श्वास.

मी त्या माणसाला म्हटलं, "कुजबुजत एक, दोन, तीन म्हणा." कुजबुजताना स्वरतंतू थरथरत नाहीत, म्हणून त्यात जाड स्वर जवळपास नसतात, सगळं काम तीव्र स्वरांवर. निरोगी बाजूला नुसती अस्पष्ट फुसफुस आली. उजवीकडे आकडे असे स्पष्ट आले, जणू तो माझ्या कानात बोलत होता. लांब "ई" म्हणायला सांगितलं तर स्टेथोस्कोपमध्ये "ए" ऐकू आला, थोडा बकरीसारखा.

एक अट आहे, आणि ती विसरली की चूक होते: त्या भागाकडे जाणारी नळी उघडी हवी. तिच्यात घट्ट कफाचा बुच बसला तर आवाज पोचायची वाटच बंद. फुप्फुस तेवढंच घट्ट असतं आणि स्टेथोस्कोप मुका होतो.

एक्स-रेतही हवाच सगळं ठरवते. क्ष-किरणांना हवा जवळजवळ अडवत नाही, म्हणून फुप्फुस काळं दिसतं. वायुकोश रसाने भरले की तो भाग रक्ता-मांसाच्या घनतेचा होतो आणि पांढरा उमटतो. पण त्यातून जाणाऱ्या नळ्यांत हवा शिल्लक असते, त्या पांढऱ्यात काळ्या फांद्यांसारख्या दिसतात. एरवी त्या दिसत नाहीत, कारण काळ्यावर काळं. या फांद्या म्हणजे एअर ब्राँकोग्राम, आणि मला पाठीवर ऐकू आलेला आवाज त्याच उघड्या नळ्यांचा होता. त्या माणसाच्या फिल्ममध्ये उजव्या पडद्याची, म्हणजे श्वासपटलाची, कड पुसली गेली होती. हृदयाची उजवी कड मात्र कोरीव. कड दिसते ती शेजारी हवा असते म्हणून. श्वासपटलावर टेकलेला खालचा खंड भरला होता, हृदयाला चिकटलेला मधला खंड हवेचा होता. त्यामुळे एका फिल्मवरून खंड सांगता आला.

आणि सुई? ती चौथ्या दिवशी लागली.

प्रतिजैविक सुरू केल्यावर दीड दिवसात ताप उतरला होता, मग पुन्हा 101 वर गेला. सकाळी पाठीवर ऐकलं तर उजवीकडे खाली नळीचा आवाज नाही. त्याची बायको म्हणाली, "काल तुम्ही म्हणालात मोठा आवाज येतोय, आज नाही म्हणजे बरं झालं ना?" तिचा तर्क चुकीचा नव्हता. पण बरं होताना आवाज असा एकाएकी जात नाही. गोठलेलं जाळं विरघळायला लागतं, नळ्या चिकटून सुटताना बारीक चुरचुर ऐकू येते, मग हळूहळू मऊ सळसळ परतते. इथे नुसती शांतता होती. कुजबुज नाही, "नव्व्याण्णव" म्हणताना तळहाताला जाणवणारी थरथरही नाही, आणि ठोकल्यावर आवाज आणखी बद्द, दगडावर ठोकल्यासारखा.

बुच बसला असेल, किंवा फुप्फुसाच्या बाहेर, त्याच्या आवरणाच्या दोन पदरांमध्ये पाणी साठलं असेल. तिथे साठलेलं पाणी सलग असतं, आणि ते फुप्फुसाला भिंतीपासून दूर ढकलतं, म्हणून नळीचा आवाज पाठीपर्यंत पोचत नाही. सोनोग्राफीने लगेच फैसला केला. हवेच्या फुप्फुसात ही तपासणी एरवी आत पाहूच शकत नाही, हवा ध्वनिलहरी परतवते. पण भरलेलं फुप्फुस पडद्यावर यकृतासारखं दिसलं आणि त्यात हवेचे पांढरे ठिपके श्वासाबरोबर नळीतून सरकत होते, म्हणजे नळी उघडी, बुच नाही. त्याच्याबाहेर काळा पट्टा, तीनेक बोटं रुंद. ते पाणी.

तिथे सुई घातली. 500 मिलीच्या आसपास, गवती रंगाचं, स्वच्छ. पू नव्हता, तपासणीत आम्लताही वाढलेली नव्हती, त्यामुळे पाणी काढत राहायला छातीत नळी घालून ठेवावी लागली नाही. तासाभराने पुन्हा ऐकलं, तर नळीचा खडबडीत आवाज परत हजर. बायको घाबरली. मी म्हटलं, आता मध्ये पाण्याचा थर नाही, फुप्फुस पुन्हा भिंतीला टेकलंय, आणि आतलं जे भरलंय ते अजून तसंच आहे.

ते आतलं मात्र शरीरानेच काढलं. पांढऱ्या पेशींमधली पाचक द्रव्यं फायब्रिन तोडतात, मोठ्या भक्षक पेशी गाळ गिळतात, थोडा खोकल्यावाटे जातो, बाकीचा लसीकावाहिन्यांतून. आठव्या दिवशी चुरचुर ऐकू आली, दोन आठवड्यांनी पाठ दोन्ही बाजूंना सारखी सळसळत होती. त्याने तेव्हा काढलेली फिल्म मात्र अजून धुरकट होती. फिल्म नेहमीच तब्येतीच्या मागे राहते. सहाव्या आठवड्यात श्वासपटलाची कड परत उमटली.