पाडव्याच्या आदल्या दिवशी आलेला मेसेज

२४ मार्च २०२० ची सकाळ मला अजून सोडत नाही. मी सांगलीत म्युच्युअल फंडाचं काम करतो. सव्वानऊला अण्णांचा फोन आला, "अरे, तीन लाख भरा म्हणून मेसेज आलाय, खोटा आहे का बघ."

खोटा नव्हता. जानेवारीत अण्णांना प्लॉटसाठी पैसे हवे होते. इक्विटी फंडात बारा वर्षांच्या एसआयपीचे वीस लाख झाले होते, ते मोडायचा जीव होत नव्हता, शिवाय विकले तर टॅक्स. म्हणून युनिट्स तारण ठेवून ओव्हरड्राफ्ट घेतला, म्हणजे लिमिटच्या आत लागेल तसं उचलायचं कर्ज. यात युनिट्स आपल्याच नावावर राहतात, फक्त फंडाच्या रजिस्ट्रारकडे त्यांच्यावर लिएन लागतं, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत ते विकता येत नाहीत की स्विच करता येत नाहीत. इक्विटीवर तेव्हा निम्मं मिळत होतं, म्हणजे दहा लाखांची लिमिट. अण्णांनी त्यातले साडेनऊ उचलले, आणि मी समोर बसून उचलू दिले. हे मला आजही खुपतं.

२३ तारखेला निफ्टी एका दिवसात तेरा टक्के पडून ७,६१० वर बंद झाला. अण्णांचे वीस लाख तेरावर आले. लिमिट रोजच्या एनएव्हीवर, म्हणजे युनिटच्या त्या दिवसाच्या भावावर चालते, तेराचं निम्मं साडेसहा, कर्ज साडेनऊ. शॉर्टफॉल तीन लाख. सात दिवसांत भरा, पण त्याआधीही युनिट्स विकायचा हक्क कर्ज देणाऱ्याकडे आहे, असं अ‍ॅग्रीमेंटमध्ये बारीक अक्षरात होतं, ते मी त्या सकाळी पहिल्यांदा नीट वाचलं.

अण्णा म्हणाले, "मग तीन लाखांचे युनिट्स विकू देत त्यांना, सुटलो." इथेच बहुतेक लोक फसतात, आणि कर्ज देणाऱ्यांकडचं कुणी हे समजावून सांगत नाही याचा मला खरंच राग आहे. तीन लाखांचे विकले तर कर्ज साडेसहा होतं, पण युनिट्सही दहा लाखांचेच उरतात, आणि दहाचं निम्मं पाच. दीड लाख कमी पडतातच. कागदावर मांडून दाखवलं त्यांना, तीन लाखांचा खड्डा विकून बुजवायचा तर सहा लाखांचे युनिट्स द्यावे लागतात, तेही तळाच्या भावाला. रोख भरली तर मात्र तीनच लाख पुरतात.

रोख कुठून आणायची? काकूंची आणि अण्णांची जॉइंट एफडी होती चार लाखांची. एफडीवर बँक साधारण नव्वद टक्के कर्ज देते, व्याज एफडीच्या दरापेक्षा एखादा टक्का जास्त, आणि एफडीला एनएव्ही नाही, ती रात्रीत पडत नाही. सिंगल नावाची असती तर नेटबँकिंगवर पाच मिनिटांत काम झालं असतं. जॉइंटला शाखेत जावं लागतं, दोघांच्या सह्या लागतात. आदल्या रात्रीपासून राज्यात संचारबंदी, दुसऱ्या दिवशी पाडव्याची सुट्टी, शाखा दोनपर्यंतच चालू.

अण्णा रिसीट घेऊन घरी गेले, मागच्या बाजूला रेव्हेन्यू तिकिटावर काकूंची सही घेतली, अर्ज भरला. काकू फोनवर मला एवढंच म्हणाल्या, "ते दवाखान्यासाठी ठेवलेत रे." शाखेतल्या मॅडम तोंडाला रुमाल बांधून एकट्या काउंटर सांभाळत होत्या, तरी त्यांनी सव्वाबाराला एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ओडी उघडला आणि आरटीजीएस करून दिलं. मी लेंडरला पैसे पाठवल्याचा यूटीआर नंबर ईमेल केला, वर फोन करून "क्रेडिट दिसतंय का" हे चार वेळा विचारलं. तीनच्या सुमाराला दिसलं. एकही युनिट विकलं गेलं नाही.

नोव्हेंबरात निफ्टी जानेवारीच्या वर गेला. तेव्हापासून अण्णा सगळ्यांना सांगतात की पोराने वाचवलं, आणि मला ते ऐकवत नाही. कारण त्या दुपारी बाजार तिथेच थांबणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अजून वीस टक्के पडला असता तर तेराचे दहा लाख चाळीस हजार, लिमिट पाच लाख वीस, कर्ज साडेसहा. पुन्हा एक लाख तीस हजार कमी, आणि एफडीवर उरले होते फक्त साठ हजार. म्हणजे काकूंचे दवाखान्याचे पैसे त्याच खड्ड्यात जाऊन वर युनिट्सही विकले गेले असते.

आता माझ्याकडे कुणी युनिट्सवर कर्ज मागितलं तर मंजूर लिमिटच्या निम्म्याच्या वर मी उचलू देत नाही. अण्णांनी वीस लाखांवर पाचच उचलले असते तर युनिट्स दहा लाखांवर येईपर्यंत मेसेज आलाच नसता. काही जण रागावून दुसरीकडे जातात, जाऊ देत. आणि एफडी असेल तर आधी ती बघतो. तिच्यात धोका वेगळा आहे, हप्ता नसल्यामुळे माणूस मुद्दल फेडायचं विसरतो, व्याज चढत राहतं आणि एफडी मॅच्युअर झाली की बँक आपलं कापून उरलेलं हातात ठेवते.

अण्णांनी ती एफडी ओडी फेडून सोडवली, ऑगस्ट २०२१ मध्ये. रिसीट आता काकूंच्या कपाटात असते, आणि ती जॉइंटच ठेवा असं मीच सांगितलंय.