पोटाचे व्यायाम, तेलाचा डबा आणि कमरेचे नऊ सेंटिमीटर

दिवाळीनंतर मी पोट कमी करण्याचे मनावर घेतले, तेव्हा माझी समजूत साधी होती: चरबी पोटावर आहे, म्हणून व्यायामही पोटाचाच करायचा. परभणीत माझी बैठी नोकरी आहे, वय 44, उंची 168 सेंटिमीटर आणि त्या वेळी वजन 84 किलो होते. रोज पहाटे सतरंजी टाकून मी क्रंचेस करू लागलो आणि सोबत पोटाला गुंडाळायचा, घाम काढणारा एक पट्टाही विकत घेतला. पहिल्या दिवशी बारा क्रंचेसनंतर मान आखडली होती, पण पंचेचाळिसाव्या दिवशी मी न थांबता साठ करत होतो. पोट मात्र होते तिथेच होते. पट्टा लावून चालल्यावर वजनकाटा सहाशे ग्रॅम कमी दाखवी आणि संध्याकाळपर्यंत पाणी पिऊन ते पुन्हा भरून निघे, कारण गेलेला होता तो घाम, चरबी नव्हे.

माझा मेहुणा लातूरला फिजिओथेरपिस्ट आहे. डिसेंबरअखेर तो घरी आला, तेव्हा त्याने आधी माझे मापच तपासले. मी छत्तीसची पँट घालतो म्हणून कंबर छत्तीस इंच, असे मी धरून चाललो होतो. तो म्हणाला, "दाजी, तुमची पँट पोटाच्या खाली बसते. हे माप पोटाचं नाहीच." त्याने सर्वांत खालच्या बरगडीच्या आणि कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेच्या बरोबर मध्ये टेप धरला, श्वास सहज सोडायला सांगितला आणि आकडा वाचला: 102 सेंटिमीटर, म्हणजे चाळीस इंच. भारतीय पुरुषांसाठी 90 आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटरच्या वर घेर गेला की मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढलेला मानतात. पँटच्या आकड्यावर विसंबून मी इतकी वर्षे जवळजवळ निर्धास्त होतो, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

क्रंचेसने चरबी का गेली नाही, हे त्याने मला ज्या रीतीने समजावले ती रीत मला फार पटली. चरबीच्या पेशीत साठा असतो तो त्याच रूपात शेजारच्या स्नायूला वापरता येत नाही. शरीराला ऊर्जा कमी पडली की अॅड्रेनॅलिनसारखी संप्रेरके रक्तातून सगळीकडच्या चरबीपेशींपर्यंत जातात, तिथला साठा फुटून मेदाम्ले रक्तात उतरतात आणि मग रक्त ती कष्ट करणाऱ्या स्नायूंपर्यंत नेते. म्हणजे पोटाचा स्नायू काम करताना जे जाळतो, ते पाठीवरचे, मांडीवरचे किंवा चेहऱ्यावरचेही असू शकते. काम करणाऱ्या स्नायूच्या लगतची चरबी थोडी अधिक सुटते असे काही मोजमापांत दिसले आहे, पण ते प्रमाण इतके अल्प आहे की टेपवर त्याचा पत्ता लागत नाही. शिवाय पोटाचे स्नायू आकाराने लहान असल्याने साठ क्रंचेसमध्ये एका कप गोड चहाइतकीही ऊर्जा खर्च होत नाही. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांकडून 27 दिवस हजारो सिटअप्स करवून घेतले आणि पोट, पाठ व नितंब येथील चरबीपेशी सुईने काढून मोजल्या, तर तिन्ही ठिकाणच्या पेशी सारख्याच प्रमाणात आक्रसल्या होत्या. माझे पंचेचाळीस दिवस अगदीच वाया गेले नाहीत, कारण पाठीला आधार मिळून बसताना होणारे दुखणे थांबले. पण त्या व्यायामाचे काम तेवढेच आहे.

मग खरा प्रश्न उरला तो ऊर्जेच्या तुटीचा, आणि तिचा हिशेब आम्ही स्वयंपाकघरात बसून केला. आमच्या चौघांच्या घरात करडईच्या तेलाचा 15 किलोचा डबा तीन महिन्यांत संपत असे. भागाकार केला तर माणशी रोज जवळपास 42 ग्रॅम तेल झाले, आणि एका ग्रॅमला नऊ कॅलरी धरल्या तर ते पावणेचारशे कॅलरी होते. आमच्याकडे भाजीवर तवंग दिसल्याशिवाय भाजी झाली असे कुणाला वाटत नाही, आणि शेंगदाण्याच्या चटणीवरही तेल लागतेच. डबा पाच महिने पुरवायचा, म्हणजे माणशी 25 ग्रॅम, असे आम्ही दोघांनी ठरवले. पत्नीने फोडणीला डब्यातून थेट तेल ओतणे बंद करून रोजचे तेल सकाळीच एका वाटीत काढून ठेवायला सुरुवात केली. यातून माझे सुमारे दीडशे कॅलरी वाचले. कार्यालयात मी दिवसाला पाच चहा घेत असे आणि प्रत्येकात दोन चमचे साखर असे. ते दोन चहा आणि एकेक चमचा साखर यांवर आणल्याने आणखी एकशे साठ वाचले. कृषी विद्यापीठाच्या परिसरात रोज चार किलोमीटर भरभर चालण्याचे दोनशेच्या आसपास धरले. ही पाचशेची तूट झाली. एक किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी असतात, म्हणून कागदावर पंधरा दिवसांना एक किलो उतरायला हवा होता.

प्रत्यक्षात महिन्याला सव्वा ते दीड किलोच उतरले. लग्नकार्ये येतात, वाटीचा अंदाज चुकतो, आणि वजन घटले की शरीराचा खर्चही घटतो. एप्रिलमध्ये तर तीन आठवडे टेप 96 वर अडून राहिला. तेव्हा मी दिवसभरात जे तोंडात टाकतो ते सगळे लिहून काढले, आणि चूक सापडली: प्रथिनांसाठी चांगले म्हणून मी दिवसातून तीनदा मूठभर भाजलेले शेंगदाणे खात होतो. एका मुठीत तीसेक ग्रॅम दाणे बसतात आणि त्यांचे पावणेदोनशे कॅलरी होतात. म्हणजे सगळी तूट मी मुठीमुठीने भरून काढत होतो. त्याऐवजी जेवणात एक भाकरी कमी करून मटकीची उसळ, दही किंवा दोन अंडी घेऊ लागलो. मेहुण्याच्या आग्रहाने आठवड्यातून दोनदा बैठका, जोर आणि वजन उचलणे सुरू केले. तूट असताना शरीर चरबीसोबत स्नायूही मोडते, ते कमी व्हावे म्हणून प्रथिने आणि हे व्यायाम दोन्ही लागतात.

चरबी कुठून आधी जाईल, हे आपण ठरवू शकत नाही. ते आनुवंशिकता आणि संप्रेरके ठरवतात. माझी अंगठी आधी सैल झाली, मग गाल बसले आणि शेजारी विचारू लागले की आजारी होता का. याच काळात पोटाच्या आत आतड्यांभोवती साठलेली चरबी तुलनेने लवकर हटते. म्हणून घेर कमी होत असतानाही बेंबीखालची चिमटीत येणारी घडी तशीच दिसते आणि माणूस कंटाळून सोडून देतो. अशा वेळी आरसा फसवतो. मी फक्त रविवारी सकाळी, अनशापोटी, त्याच ठिकाणी टेप लावतो, कारण जेवणानंतरचे माप मला दोन सेंटिमीटर जास्त आलेले आहे.

मे महिन्यात परभणीचा पारा बेचाळिसावर गेला, तेव्हा पहाटे पाचलाच चालून घ्यावे लागे. संक्रांतीला उघडलेला तेलाचा डबा जूनच्या मध्यावर संपला. त्या रविवारी वजन 76 किलो आणि घेर 93 सेंटिमीटर होता. 90 पर्यंत अजून तीन सेंटिमीटर बाकी आहेत, आणि बेंबीखालची घडीही अजून आहे. नवा डबा उघडला, त्या दिवशी पत्नीने त्याच्या झाकणावर पेनाने तारीख लिहून ठेवली.