हवेशिवाय चालणारं चाक: आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा पॉलियुरेथेनच्या, म्हणजे पीयू या रबरासारख्या चिवट मालाच्या ओतकामाचा. कन्व्हेअरचे रोलर, ट्रॉलीची चाकं, फोर्कलिफ्टच्या चाकांवरचं अस्तर अशी कामं आम्ही वर्षानुवर्षं करत आलो. लोखंडी हबला सँडब्लास्ट करायचं, प्रायमर लावून भट्टीत तापवायचं आणि गरम साच्यात पीयू ओतायचं, यात हात चांगला बसला होता. मग भंगार वेगळं करणाऱ्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, ‘आमच्या बॅटरीच्या गाड्यांचे टायर सारखे पंक्चर होतात. भरीव चाकं लावली तर गाडीचा सांगाडा खिळखिळा होतो. मधलं काही देता येईल का?’ या ‘मधल्या’नेच आम्हाला हवेशिवाय चालणाऱ्या टायरच्या कामात आणलं.

तोवर यावर मोठ्या कंपन्यांचं बरंच काम झालेलं होतं. मिशेलिनने २००५ मध्ये ‘ट्वील’ हा हवाविरहित टायर जगापुढे आणला. ब्रिजस्टोननेही २०११ मध्ये आपला हवाविरहित टायर दाखवला. मिशेलिन आणि जनरल मोटर्स यांनी २०१९ मध्ये मोटारीसाठी ‘अप्टिस’चा नमुना पुढे केला. तरीही शोरूममधून बाहेर पडणारी साधी मोटार आजही हवेच्याच टायरवर धावते. याचं कारण समजून घेण्यात आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि मला सांगायचंही तेच आहे.

भरीव चाकात वजन खालून पेललं जातं. हबच्या खालचा माल दबतो आणि तेवढाच काम करतो, बाकीचं सगळं चाक नुसतं फिरत असतं. चाक मऊ करावं तर माल फाटतो, कडक करावं तर प्रत्येक खड्डा थेट सांगाड्याला बसतो. हवेच्या टायरचं तंत्र वेगळं आहे. आतल्या हवेमुळे टायरच्या बाजूंमधले दोरे ताणलेले असतात. जमिनीला टेकलेल्या भागात हा ताण कमी होतो आणि रिम वरच्या भागातल्या ताणलेल्या दोऱ्यांना लटकून राहते. ट्वीलसारख्या चाकात हेच काम लवचीक आरे करतात. खालचे आरे वाकून बाजूला होतात, जवळजवळ काहीच पेलत नाहीत, आणि हब वरच्या आऱ्यांना टांगलेला राहतो.

फोटो पाहणाऱ्याचं लक्ष आऱ्यांवर जातं. आमच्याकडे येणारे लोकही आऱ्यांच्या नक्षीबद्दलच विचारतात. पण टायरचा जीव आऱ्यांबाहेरच्या पट्ट्यात आहे. त्याला शिअर बँड म्हणतात. न ताणल्या जाणाऱ्या दोन वेढ्यांच्या, बहुतेकदा पोलादी तारांच्या, मधोमध रबराचा किंवा पीयूचा जाड थर असतो. गोल पट्टा जमिनीवर सपाट होऊ लागला की आतला आणि बाहेरचा वेढा एकमेकांवरून सरकायला बघतात. जाड वही वाकवल्यावर पानं सरकतात, तसंच हे सरकणं. मधला थर त्या सरकण्याला विरोध करतो आणि त्या विरोधातूनच जमिनीवरचा दाब तयार होतो. नुसता एकसंध कडक पट्टा लावला तर टेकलेल्या भागाच्या दोन्ही टोकांना दाब साचतो आणि मध्य उचलला जातो. शिअर बँडमध्ये तो जवळपास सारखा पसरतो, हवेच्या टायरसारखाच.

याचं गणित सोपं आहे: p = G × h / R. इथे p म्हणजे जमिनीवरचा दाब, G म्हणजे मधल्या थराचा सरकण्याविरुद्धचा कडकपणा, h त्या थराची जाडी आणि R चाकाची त्रिज्या. त्या गिऱ्हाइकाच्या गाडीला एका चाकावर साधारण २५० किलो वजन येत होतं. चाकाची त्रिज्या २३० मिलिमीटर होती आणि दाब २ बारच्या आसपास पाहिजे होता, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ०.२ न्यूटन. ०.२ गुणिले २३० म्हणजे ४६. थर १० मिलिमीटर जाड धरला तर G येतो दर चौरस मिलिमीटरला ४.६ न्यूटन, म्हणजेच ४.६ मेगापास्कल. पीयूमध्ये हे सहज जमतं. २५० किलोचं बळ सुमारे २४५० न्यूटन, त्याला २ बारने भागलं की टेकणारी जागा साधारण १२२ चौरस सेंटिमीटर येते. पट्टा १४ सेंटिमीटर रुंद असेल तर जमिनीला टेकलेली लांबी ९ सेंटिमीटरच्या जरा खाली.

आता याच चाकावर ४०० किलो टाकून बघा. हवेच्या टायरमध्ये आपण दोन पंप जास्त मारतो. इथे G, h आणि R साच्यातून निघतानाच ठरलेले असतात, त्यामुळे दाब तोच राहतो आणि टेकलेली लांबी १४ सेंटिमीटरपर्यंत जाते. म्हणजे जास्त आरे एका वेळी वाकतात आणि प्रत्येक आरा जास्त वाकतो. त्याच गिऱ्हाइकाच्या काही चाकांत आऱ्यांच्या मुळाशी, हबजवळच्या गोलाईत, पांढरट रेघा दिसू लागल्या. पीयू पांढरं पडणं ही तडा जाण्याआधीची खूण. त्यांच्या माणसाने मोकळेपणाने सांगितलं, ‘साहेब, पंक्चर होत नाही म्हटल्यावर पोरं दुप्पट माल भरतात.’ तेव्हापासून चाकाबरोबर वजनाची मर्यादा लिहिलेली पाटी गाडीवर लावून देणं आम्ही सक्तीचं केलं.

आरे जाड केले तर मजबूत होतील, हा समज बहुतेकांचा असतो. उलट आहे. आरा वाकताना त्याच्या पृष्ठभागावर येणारा ताण जाडीच्या प्रमाणात वाढतो. म्हणून थोडे जाड आरे देण्याऐवजी पुष्कळ पातळ आरे द्यायचे आणि त्यांना मुळातच थोडी वक्रता ठेवायची, म्हणजे ते एका ठरलेल्या बाजूलाच वाकतात. माल निवडताना आम्ही पॉलिएस्टर जातीचं पीयू सोडून पॉलिइथरवर आलो. पॉलिएस्टर फाटायला चिवट असतं, पण ओलाव्याने कालांतराने कुजतं आणि वारंवार वाकवल्यावर जास्त तापतं.

हे तापणं आमच्या कामाची खरी सीमा ठरवतं. पीयू दर वाकण्यात थोडी ऊर्जा उष्णता म्हणून ठेवून घेतं आणि उष्णता बाहेर सोडायला ते फार मंद असतं. आमची गाडी ताशी २५ किलोमीटर धावते, तेव्हा चाक सेकंदाला पाचएक फेरे घेतं. ३०० मिलिमीटर त्रिज्येचं मोटारीचं चाक ताशी १०० किलोमीटरला सेकंदाला जवळजवळ १५ फेरे घेतं आणि ५०,००० किलोमीटरमध्ये प्रत्येक आरा अडीच कोटींहून जास्त वेळा वाकून सरळ होतो. आमच्या फिरत्या ड्रमवरच्या चाचणीत वेग वाढवला की बाहेरून हात लावता येईल इतकं चाक कोमट असतं, पण शिअर बँडच्या मधल्या थरात सुई खुपसून तापमान घेतलं की आकडा बराच वर असतो. इन्फ्रारेड बंदुकीवर विसंबून चालत नाही, ती फक्त कातडीचं तापमान सांगते. थर आतून मऊ पडू लागला की तो पोलादी वेढ्यापासून सुटतो. बाहेर काहीच दिसत नाही, पण लाकडी हातोडीने टकटक केलं की सुटलेल्या जागी आवाज बद येतो. ही तपासणी आम्ही गिऱ्हाइकाच्या मेकॅनिकलाही शिकवतो.

वेगाबरोबर आवाजही येतो. प्रत्येक आरा जमिनीजवळ येताना वाकतो आणि पुढे जाताना सरळ होतो. ६० आरे असलेलं चाक सेकंदाला १५ फेरे घेत असेल तर असे ९०० ठोके बसतात. कानाला ती एकसुरी शिटी वाटते आणि स्टिअरिंगला थरथर जाणवते. आऱ्यांमधली अंतरं कमी-जास्त ठेवली की तो सूर विखुरतो, पण नाहीसा होत नाही. शिवाय उघड्या आऱ्यांत चिखल आणि खडी अडकून तोल जातो. झाकण लावलं तर आतली हवा खेळत नाही आणि चाक आणखी तापतं. मोटारीसाठी या सगळ्यांची उत्तरं एकाच चाकात बसवणं किती कठीण आहे हे कळल्यावर मिशेलिनने अप्टिस आधी डाक आणि पार्सलच्या व्हॅनवर का चालवून पाहिला, ते आमच्या लक्षात आलं. ठरलेले मार्ग, बेताचा वेग आणि रोज एका ठिकाणी परत येऊन तपासता येणारी गाडी.

आता स्कूटर. आमच्याकडे सर्वाधिक विचारणा तिचीच होते आणि रस्त्यावर चालणाऱ्या स्कूटरसाठी आम्ही आजही नाही म्हणतो. मोटारीचं चाक जवळपास सरळ उभं असतं, स्कूटरचं वळणावर झुकतं. झुकता यावं म्हणून तिचा टायर आडव्या छेदात गोल असतो. ९० मिलिमीटर रुंद टायरच्या माथ्याची गोलाई साधारण ४५ ते ५० मिलिमीटर त्रिज्येची धरली तर ३० अंशांत झुकल्यावर टेकण्याची जागा मध्यापासून २३ ते २५ मिलिमीटर बाजूला सरकते. वजनाचं बळ चाकाच्या पातळीला जवळपास समांतर राहतं, पण मध्यातून जात नाही. त्यामुळे पट्टा पिळला जातो आणि एका बाजूचे आरे जवळजवळ सगळं वजन घेतात. पट्टा सपाट ठेवला तर स्कूटर त्याच्या कडेवर चढते. गोल करावा तर मध्याचा घेर मोठा आणि कडेचा लहान, आणि न ताणले जाणारे पोलादी वेढे दोन्ही दिशांना वाकवणं फार अवघड. त्यात एकट्यासाठी आणि डबलसीटसाठी मागच्या टायरमध्ये वेगवेगळी हवा ठेवण्याची सोय इथे नाही.

उभं राहून चालवायच्या छोट्या इलेक्ट्रिक स्कूटरला जाळीदार भोकांचे हवाविरहित टायर येतात, हे खरं. पण ते मुळात भरीव चाकाचेच भाऊ आहेत. त्यांत शिअर बँड नसतो, वजन खालून पेललं जातं. ताशी २५ किलोमीटरच्या आसपास ते निभावतात, मात्र धक्के थेट दांड्याच्या बिजागरीत आणि बॅटरीच्या जोडण्यांत जातात, आणि माल कडक असेल तर ओल्या फरशीवर पकड कमी पडते. विकत घेताना टायरच्या नक्षीपेक्षा बिजागरीचे नट अधूनमधून तपासायची तयारी ठेवावी.

नियमांचाही प्रश्न आहे. मोटारीच्या टायरसाठीचा संयुक्त राष्ट्रांचा नियम ३० आणि मोटरसायकलचा नियम ७५ हे दोन्ही हवेच्या टायरसाठी लिहिलेले आहेत. जिथे भारक्षमता ठरावीक हवेच्या दाबाला बांधलेली असते, तिथे दाबच नसलेलं चाक कोणत्या रकान्यात बसवायचं?

त्यामुळे आमचं सध्याचं काम आहे आवारातल्या गाड्या, गवत कापायची यंत्रं आणि मालवाहू तीनचाकी. तीनचाकी झुकत नाही, वेग बेताचा आणि वजन ठरलेलं. तिच्या मागच्या चाकासाठी आऱ्यांच्या दोन रांगा असलेला पट्टा आम्ही ड्रमवर चालवत आहोत, म्हणजे एका बाजूला जास्त माल भरला तरी दोन्ही रांगा वेगवेगळ्या वाकतील आणि पट्टा पिळला जाणार नाही. तो नीट टिकला तर कमी कोनात झुकणाऱ्या गाडीवर हीच रचना बसवून पाहायची आहे.