स्टॉल बुकिंगचा ईमेल

“तुमच्या शाळेच्या ख्रिसमस फेअरच्या स्टॉल बुकिंगचा ईमेल तुम्हीच लिहिता ना? यंदा आमच्या पीटीएत ते काम माझ्याकडे आलंय. त्यात नक्की काय लिहायचं, आणि तो पाठवायचा कधी?”

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारतं. बहुतेक वेळा विचारणारी आपलीच एखादी मराठी आई असते. इंग्लंडमध्ये नवी आलेली असते, पालकांच्या पहिल्याच मीटिंगमध्ये हात वर करते आणि फेअरचं काम अंगावर येतं. माझंही असंच झालं. रेडिंगजवळच्या आमच्या प्राथमिक शाळेत मी सहा वर्षं स्टॉलचं काम पाहतेय.

पहिल्या वर्षी मी नोव्हेंबरच्या सुरुवातीला चार ओळींचा ईमेल लिहिला होता. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी फेअर आहे, स्टॉल लावायचा असेल तर कळवा, फी वीस पौंड. लोकांनी कळवलंही भराभर. पण फेअरच्या दिवशी हॉलमध्ये चौदापैकी पाच टेबलांवर कानातले आणि ब्रेसलेट होते. मुलीच्या वर्गातली एक आई स्वतः घडवलेले चांदीचे कानातले घेऊन आली होती. तिची विक्री झाली अकरा पौंडांची. फी जाऊन ती तोट्यात घरी गेली. पुन्हा कधी आली नाही, आणि त्यात तिचं काहीच चुकलं नाही.

तेव्हापासून ईमेलमध्ये सर्वांत आधी मी विचारते, ‘तुम्ही काय विकणार आहात?’ आणि लगेच पुढे लिहिते की एका प्रकारचे जास्तीत जास्त दोनच स्टॉल घेऊ. जागा ‘कळवलं’ म्हणून पक्की होत नाही. आम्ही होकार दिल्यावर आणि त्यानंतर सात दिवसांत फी भरल्यावर ती पक्की होते. हे आधी लिहिलेलं असलं की तिसऱ्या दागिनेवाल्या बाईंना नाही म्हणताना अवघड जात नाही, त्यांनाही वाईट वाटत नाही.

पाठवायची वेळ सप्टेंबरचा दुसरा आठवडा, शाळा सुरू झाल्यावर लगेच. हातकाम विकणाऱ्यांचे डिसेंबरचे शनिवार ऑगस्टपासूनच भरायला लागतात. शिवाय खाण्याचा धंदा नव्याने करणाऱ्याला तो सुरू करण्याच्या किमान 28 दिवस आधी कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. नोव्हेंबरात बोलावलंत तर तो माणूस इच्छा असूनही येऊ शकत नाही. मल्ड वाइन विकायची असेल तर तिच्यासाठी कौन्सिलला तात्पुरत्या कार्यक्रमाची नोटीस द्यावी लागते. तिची फी 21 पौंड आहे आणि ती किमान दहा कामकाजाचे दिवस आधी पोचायला हवी. हे काम पीटीएचं. ईमेलमध्ये एवढंच लिहा की इतर कोणत्याही स्टॉलवर दारू विकता येणार नाही.

फीबद्दल माझं मत ठाम आहे. ठरावीक रक्कम घ्या, टक्केवारी नको. काही शाळा दहा पौंड आणि विक्रीच्या दहा टक्के असं ठेवतात. कागदावर ते न्याय्य दिसतं. पण तीन वाजता माणसं सामान गाडीत भरत असतात, मुलं थकून रडत असतात, आणि अशा वेळी कोणाच्या गल्ल्याचा हिशोब विचारायचा? आम्ही वीस पौंड घेतो, शाळेतल्या पालकांकडून दहा, आणि प्रत्येक स्टॉलकडून रॅफलसाठी एक वस्तू. रॅफलची तिकिटं मात्र फक्त फेअरमध्येच विकतो. आधीपासून घरोघरी विकायची असतील तर कौन्सिलकडे लॉटरीची वेगळी नोंदणी लागते.

आता पैसे कशासाठी, ती ओळ. ही ओळ लोक घाईत लिहितात, आणि मीही तशीच लिहिली होती: ‘यातून मिळणारी सर्व रक्कम वाचनालयाच्या नव्या कपाटांसाठी.’ वाचायला छान वाटतं. पण आमची पीटीए नोंदणीकृत चॅरिटी आहे. ज्या कामाचं नाव सांगून पैसे मागितले त्याच कामावर ते खर्च करावे लागतात. त्या वर्षी जानेवारीत शाळेनेच आपल्या बजेटमधून कपाटं घेतली आणि आमचे पैसे अडकून बसले. दुसरीकडे वळवण्यासाठी किती मीटिंगा, किती कागद झाले! आता मी लिहिते: ‘वाचनालयाच्या कपाटांसाठी, ती गरज उरली नाही किंवा रक्कम शिल्लक राहिली तर मुलांच्या इतर उपक्रमांसाठी.’ वाक्य लांबतं, पण लांबू द्या. खाली चॅरिटीचा नोंदणी क्रमांकही द्या. बाहेरच्या विक्रेत्याला आपण कोणाला पैसे पाठवतोय हे त्यावरून तपासता येतं.

जागेची माहिती मोजमापासकट द्या. आम्ही सहा फुटी फोल्डिंग टेबल देतो आणि दोन खुर्च्या. कपड्यांचा स्टँड आणायचा असेल तर तो टेबलाऐवजी येतो, टेबलाशेजारी नाही. हॉलमध्ये प्लगची सोय फक्त चार टेबलांना आहे, म्हणून ‘वीज हवी का?’ हा प्रश्न फॉर्ममध्येच आहे. मांडणी साडेदहाला, फेअर बारा ते तीन. सव्वाअकरानंतर गाडी मैदानात आणता येत नाही, आणि तीनच्या आधी आवरायला सुरुवात करायची नाही. एका टेबलाने लवकर गुंडाळलं की पाच मिनिटांत सगळा हॉल गुंडाळायला लागतो, आणि उशिरा आलेल्या मुलांना रिकामी टेबलं दिसतात.

विम्याची अट वाचून लोक बिचकतात, म्हणून तिचं कारणही लिहा. आमच्या पीटीएच्या विम्यात पीटीएचे स्वयंसेवक आणि पीटीएचे स्टॉल येतात, बाहेरचा व्यवसाय येत नाही. कोणाचा स्टँड एखाद्या मुलाच्या अंगावर पडला तर भरपाई त्या विक्रेत्याच्या विम्यातून व्हायला हवी. म्हणून प्रत्येक विक्रेत्याकडून पब्लिक लायबिलिटी विम्याच्या प्रमाणपत्राची प्रत आम्ही बुकिंगच्या वेळीच घेतो. बाजारात नियमित बसणाऱ्यांकडे ते असतंच. ज्यांच्याकडे नसतं ते बहुधा हौसेने पहिल्यांदाच काही विकणारे पालक असतात, आणि त्यांच्यासाठी एक वाट आहे. ती मला वडापावने दाखवली.

तीन वर्षांपूर्वी दुसरीतल्या एका मुलाच्या आईने बुकिंगच्या ईमेलला उत्तर पाठवलं, ‘मी वडापावचा स्टॉल लावू का?’ मूळच्या सोलापूरच्या. मला इतका आनंद झाला की लगेच हो म्हणणार होते. मग फॉर्म समोर ठेवून आम्ही दोघी फोनवर बसलो. त्यांच्याकडे विमा नव्हता, कौन्सिलची नोंदणी नव्हती, आणि एका दुपारसाठी हे सगळं करणं परवडणारं नव्हतं. मी विचारलं, “ताई, पैसे तुम्हाला ठेवायचेत का?” त्या म्हणाल्या, “छे हो, शाळेलाच द्यायचेत. मला फक्त पोरांना वडापाव खाऊ घालायचाय.” मग तो त्यांचा स्टॉल राहिलाच नाही, तो पीटीएचा स्टॉल झाला. त्या स्वयंसेवक, सामानाचा खर्च पीटीएचा, विक्री पीटीएची, विमाही पीटीएचा. वर्षातून एखाद्या वेळी असं खाणं करणाऱ्या स्वयंसेवकांना अन्नव्यवसायाची नोंदणी लागत नाही. म्हणून आता ईमेलमध्ये दोन वेगळे पर्याय असतात: ‘स्वतःसाठी विकणार’ आणि ‘पीटीएसाठी विकणार’. दुसऱ्या पर्यायात फी नाही आणि विम्याचा कागदही नाही.

पुढे आलं अॅलर्जीचं पान. इथे 14 पदार्थ असे आहेत की ते खाण्यात असतील तर ग्राहकाला सांगता आलंच पाहिजे. दूध, अंडी, शेंगदाणे, काजू-बदाम हे कोणालाही सुचतं. पण त्या यादीत मोहरीही आहे आणि तीळही आहेत. आपल्या फोडणीत मोहरी असते हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ‘वड्यात काय काय आहे?’ असं विचारलं तर आपण बटाटा, मिरची, आलं, लसूण, कोथिंबीर सांगतो आणि मोहरी विसरतो. ताईंनीही तेच केलं. मी म्हटलं, डबे काढा आणि मागची लेबलं वाचा.

त्या वाचनात हिंग सापडला. पाव गव्हाचा, हे उघडच होतं, पण ताईंचा बेत असा होता की पाव न खाणाऱ्यांना नुसता वडा द्यायचा आणि पाटीवर ‘ग्लूटेन नाही’ लिहायचं. बेसनात गहू नसतो, बरोबर आहे. पण दुकानातला बांधानी हिंग बहुधा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात मिसळलेला असतो, आणि त्यांच्या डबीवरही तेच लिहिलं होतं. सीलिअॅकचा त्रास असलेल्या मुलाने त्या पाटीवर विश्वास ठेवून वडा खाल्ला असता तर? ताई काही क्षण गप्प झाल्या. मग त्यांनी हिंगच काढून टाकला, पण पाव त्याच टेबलावर कापले जाणार होते म्हणून ती पाटीही रद्द केली. लाल सुक्या चटणीत शेंगदाणे होते आणि आमच्या शाळेत शेंगदाणे आणायलाच मनाई आहे. त्यांनी लसूण, सुकं खोबरं आणि तिखटाची चटणी केली, शेंगदाणे आणि तीळ दोन्ही वगळून.

तळण हॉलमध्ये करता येणार नव्हतं. शाळेच्या स्वयंपाकघरात सकाळी वडे तळले आणि झाकणाच्या गरम पेटीत ठेवले. गरम खाणं 63 अंश सेल्सियसच्या वर राहायला हवं, म्हणून दर अर्ध्या तासाने थर्मामीटर खुपसून आकडा वहीत लिहायचा, हे काम मी स्वतःकडे घेतलं.

ईमेल पाठवताना सर्व पत्ते Bcc मध्ये टाका. पहिल्या वर्षी मी चाळीस जणांचे पत्ते To मध्ये टाकले होते, आणि त्यातल्या एका आईने आपला पत्ता कोणालाही कळू नये असं शाळेला सांगून ठेवलेलं होतं. मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली.

तुमचा फेअर 6 डिसेंबरला आहे म्हणालात. म्हणजे ईमेल सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी, एक आठवण ऑक्टोबरच्या सुट्टीआधी, आणि बुकिंग 7 नोव्हेंबरला बंद. त्यानंतर आलेल्यांना पुढच्या वर्षीच्या यादीत घ्या. ताईंच्या टेबलावरचं कार्ड मी जपून ठेवलंय, त्याचा फोटो सोबत पाठवते. त्यावर वर ‘वडापाव, दोन पौंड’, आणि खाली त्यांच्या मुलाने जाड स्केचपेनने लिहिलेलं: ‘यात गहू आणि मोहरी आहे. काही शंका असेल तर माझ्या आईला विचारा.’