कॅन्सल बटण चालेना, मग बँकेकडूनच मॅन्डेट काढला

गुहागरला आमचा होमस्टे आहे, त्याच्या बुकिंगसाठी एक ॲप घेतलेलं, महिन्याला ४९९, क्रेडिट कार्डावरून आपोआप कटायचे. पावसाळ्यात कोण येतंय इकडे, म्हणून बंद करायला गेलो तर कॅन्सल दाबलं की नुसतं चक्र फिरतंय, लाइट गेली असेल रेंज नसेल म्हणून शृंगारतळीला जाऊन पण बघितलं, तेच. कस्टमर केअरला मेल टाकला तर उत्तर आलं, ॲपमधूनच कॅन्सल करा. घ्या!

शेजारचा म्हणाला कार्डच ब्लॉक करून टाक. पण त्याच कार्डावर विजेचं बिल न् मोबाईल रिचार्ज आहे, ते सगळं परत लावत कोण बसणार.

खरं तर हे पैसे आपल्या परवानगीवर कटतात. सुरुवातीला ओटीपी टाकून आपण जी मंजुरी देतो तिला ई-मॅन्डेट म्हणतात, आणि आरबीआयच्या नियमाप्रमाणे ती बँकेकडे कधीही रद्द करता येते, दुकानदाराला विचारायची गरज नाही. पैसे कटायच्या किमान २४ तास आधी बँकेचा मेसेज यायला लागतो, त्यातच नको म्हणायची सोय असते. मेसेज आपण वाचत नाही ती गोष्ट वेगळी.

माझ्या बँकेच्या ॲपात कार्डाच्या मेनूत 'ई-मॅन्डेट' मिळालं (काही बँकांत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन असं लिहिलेलं असतं). तिथे बुकिंगच्या ॲपचं नावच नव्हतं, कुठल्यातरी पेमेंट कंपनीचं होतं, मग रक्कम आणि पुढची तारीख जुळवून ओळखलं. गंमत म्हणजे कमाल मर्यादा १५,००० लिहिलेली, म्हणजे उद्या त्यांनी दर वाढवला तरी तेवढ्यापर्यंत ओटीपीशिवाय गेलेच असते. रद्द केलं, ओटीपी टाकला, स्टेटस 'कॅन्सल्ड' झालं, त्याचा स्क्रीनशॉट ठेवला.

पण एक लक्षात घ्या, याने पैसे थांबतात, त्यांच्याकडचं खातं बंद होत नाही. म्हणून त्यांना परत मेल केला, अमुक तारखेपासून सेवा नको, मॅन्डेट रद्द केलाय, सोबत बंद पडलेल्या बटणाचा व्हिडिओ. पुढच्या तारखेला बँकेचा मेसेज आला नाही, पैसेही गेले नाहीत, उलट ॲपवाल्यांचा मेल आला की पेमेंट फेल झालं, इथे क्लिक करून भरा. त्या लिंकवर भरताना नवा मॅन्डेट लागू शकतो, हात लावला नाही.

मॅन्डेट काढायच्या आधी, पहिला मेल केल्यानंतर, एकदा ४९९ गेले होते, त्यासाठी बँकेत डिस्प्यूट टाकलाय, जोडीला तो पहिला मेल आणि त्यांचं उत्तर. बँकेने ३० दिवसांत काही केलं नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार टाकणार.